दंड दुहेरी, शिरोरेषा शाबूत

माझी धाकटी बहीण घरी शिकवण्या घेते. जूनमध्ये तिने मुलांच्या गुणांचा तक्ता छापला, तेव्हा त्यातल्या उभ्या रेघा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या निघाल्या: दीडेक सेंटिमीटर सरळ, मग किंचित डावीकडे, पुन्हा तेवढीच सरळ, मग उजवीकडे. प्रश्नपत्रिकेत तर 'काका'मधले काने दुहेरी दिसत होते, जणू प्रत्येकाला फिकट सावली होती. प्रिंटर दोन वर्षांचा, शाईच्या टाक्यांचा. तिने सगळे करतात तेच केलं. संगणकावरून हेड क्लीनिंगचा आदेश दिला, एकदा नव्हे, चार वेळा. टाकीतली शाई डोळ्यांदेखत खाली गेली. रेघा होत्या तशाच राहिल्या.

मी पान उजेडात धरून पाहिलं आणि एक गोष्ट लक्षात आली. काने, दंड, तक्त्याच्या उभ्या रेघा, म्हणजे जे जे उभं ते सगळं बिघडलं होतं. पण अक्षरांवरची शिरोरेषा एकसंध आणि धारदार होती. रोग काय आहे ते तिथेच कळलं. मराठी वाचणाऱ्याला या बाबतीत एक सोय आहे. आपल्या लिपीच्या जवळपास प्रत्येक शब्दात एक लांब आडवी रेघ आणि दोन-चार उभे दंड असतातच, त्यामुळे छापलेली कुठलीही ओळ आपोआप तपासणीची ओळ होते.

दंड का बिघडतो आणि शिरोरेषा का वाचते, हे समजायला प्रिंटरच्या आत डोकवावं लागतं. ज्या डबीत प्रिंटहेड बसवलेलं असतं तिला दुरुस्तीवाले कॅरेज म्हणतात. ती कागदावरून डावीकडून उजवीकडे जाताना छापते आणि परत येतानाही छापते, कारण रिकाम्या हाती परतली तर वेळ जवळजवळ दुप्पट लागेल. एका फेरीत एक आडवी पट्टी छापून होते, कागद थोडा पुढे सरकतो आणि पुढची पट्टी उलट दिशेने छापली जाते.

इथे एक अडचण आहे. थेंब हेडमधून सुटतो त्याच क्षणी कागदाला चिकटत नाही. घरगुती प्रिंटरमध्ये हेड आणि कागद यांत साधारण एक-सव्वा मिलिमीटरची पोकळी असते. थेंब सेकंदाला सहा मीटरच्या वेगाने निघाला असं धरलं, तर 1.2 मिलिमीटर पार करायला त्याला सेकंदाचा पाचहजारावा भाग लागतो. तेवढ्या वेळात सेकंदाला अर्धा मीटर पळणारी कॅरेज 0.1 मिलिमीटर पुढे गेलेली असते, आणि तिचाच वेग अंगात असल्यामुळे थेंबही तेवढाच पुढे जाऊन पडतो. चालत्या एसटीच्या खिडकीतून टाकलेली शेंगांची टरफलं टाकल्या जागी पडत नाहीत, तसंच हे आहे. जाताना थेंब 0.1 मिलिमीटर उजवीकडे पडतो, येताना तेवढाच डावीकडे. दोन्ही मिळून फरक 0.2 मिलिमीटरचा. तक्त्याला आपण अर्धा पॉइंट जाडीची रेघ देतो, ती जेमतेम 0.18 मिलिमीटर असते. म्हणजे काहीच सुधारणा केली नाही, तर एका रेघेच्या शेजारी शेजारी दोन रेघा होतील.

म्हणून प्रिंटर थेंब थोडा आधी सोडतो. किती आधी, याचा आकडा त्याच्या स्मृतीत साठवलेला असतो. अलाइनमेंट म्हणजे तो आकडा नव्याने ठरवणं. नावावरून वाटतं तसं यात हेड पाना-स्क्रूने सरळ करायचं नसतं, फक्त थेंब सोडण्याची वेळ बदलायची असते. ही चूक नेहमी डावी-उजवीकडेच होते. आडवी शिरोरेषा त्याच दिशेने थोडी सरकली, तरी ती स्वतःवरच सरकते. फार तर तिची टोकं जराशी लांबतात, ते डोळ्याला दिसत नाही. दंडाला मात्र लपायला जागा नसते.

एकच चूक तक्त्यात पायऱ्या आणि प्रश्नपत्रिकेत सावली अशी दोन रूपं का घेते, हेही यातूनच कळतं. बहिणीने तक्ता मसुद्याच्या, म्हणजे सगळ्यात जलद दर्जात छापला होता. त्यात प्रत्येक पट्टी एकाच फेरीत पूर्ण होते. पट्टीच्या आत सगळं सरळ, आणि पुढची पट्टी उलट दिशेची म्हणून तिथे रेघ एकदम सरकते. प्रश्नपत्रिका नेहमीच्या दर्जात होती. त्यात कागद पट्टीच्या काही भागाएवढाच पुढे जातो, आणि एकाच अक्षराचे काही ठिपके जाताना तर काही येताना पडतात. दोन्ही दिशांचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि कान्याला जुळा भाऊ मिळतो.

खात्री करून घ्यायला अगदी सोपा उपाय आहे. छपाईच्या पर्यायांत, एप्सनच्या प्रिंटरमध्ये Bidirectional Printing किंवा जुन्या मॉडेलमध्ये High Speed अशी एक चौकट असते. तिच्यातली खूण काढली की प्रिंटर एकाच दिशेने छापतो. आम्ही खूण काढून तेच पान छापलं. वेळ जवळजवळ दुप्पट लागला, पण रेघा सरळ आल्या. याचा अर्थ शाई, नोझल, कागद सगळं ठीक होतं, फक्त दोन दिशांचा मेळ बसत नव्हता. एकाच दिशेने छापूनही रेघा दुहेरीच आल्या असत्या, तर कारण दुसरीकडे शोधावं लागलं असतं.

मग अलाइनमेंट. त्याआधी एक नोझल चेकचं पान काढून घ्यावं. त्यात रेघा तुटलेल्या दिसल्या तर छिद्रं तुंबलेली आहेत. ती आधी साफ करायची, कारण तुटक नमुन्यावरून अचूक चौकोन निवडता येत नाही. तुटक रेघ म्हणजे क्लीनिंगचं काम आणि सरकलेली रेघ म्हणजे अलाइनमेंटचं, एवढा भेद लक्षात ठेवला असता तर बहिणीची शाई वाचली असती. शिवाय क्लीनिंगमध्ये वाया जाणारी शाई प्रिंटरच्या तळाच्या स्पंजमध्ये साठत जाते, आणि तो भरला की वेगळाच खर्च उभा राहतो.

विंडोजवर प्रिंटरच्या Printing preferences मध्ये Maintenance नावाचा कप्पा असतो, त्यात Print Head Alignment. आम्ही साधा कोरा पांढरा ए-फोर कागद लावला. एका बाजूने छापलेल्या कागदाची पाठ इथे वापरू नये, ती वाकडी आत जाते. पानावर आकडे घातलेल्या चौकोनांची रांग आली. प्रत्येक चौकोन थेंब सोडण्याच्या थोड्या वेगळ्या वेळेने छापलेला असतो. काहींत बारीक उभ्या पांढऱ्या फटी दिसतात, काहींत काळ्या रेघा एकमेकींवर चढलेल्या, आणि एकात दोन्ही कमीत कमी. तोच आकडा द्यायचा. अगदी निष्कलंक चौकोन असेलच असं नाही, त्यातल्या त्यात गुळगुळीत तो आपला. शेजारचे दोन सारखेच वाटले तर पान हातभर लांब धरून डोळे किलकिले करून बघावं. आमच्या पानावर मधला पाचवा चौकोन चांगला ठरायला हवा होता, ठरला सातवा. तो आकडा दिल्यावर पुन्हा छापलेल्या पानात पाचवाच सगळ्यात एकसारखा आला, म्हणजे काम झालं. दुसरी फेरी बहुतेक लोक टाळतात. टाळू नये, पहिला अंदाज एखाद्या घराने चुकतोच.

एचपीच्या हेडसकट येणाऱ्या काडतुसांचे प्रिंटर हे काम स्वतःच करतात: नमुना छापतात, तो आपण स्कॅनरच्या काचेवर ठेवायचा, मोजमाप ते करतात. तिथे हेडची चकती काडतुसावरच असल्यामुळे प्रत्येक नवं काडतूस केसभर वेगळं बसतं, म्हणून बदलल्यावर अलाइनमेंट लागतेच. काळ्या अक्षरांना रंगीत कड दिसत असेल तर तिथे काळं आणि रंगीत अशी दोन काडतुसं एकमेकांशी जुळलेली नसतात.

आमचा आकडा कशाने हलला, याचं उत्तर बहिणीच्या मुलाने दिलं. मे महिन्यात कागद अडकला होता आणि त्याने तो समोरून ओढून काढला होता. कॅरेजला बसलेला तेवढा हिसका पुरतो. घर बदलताना प्रिंटर आडवा करून नेला तरी असंच होऊ शकतं.

आकडा बदलून न सुटणारे दोष वेगळे ओळखावे लागतात. शिरोरेषेमधून पांढरी फट गेली किंवा ती ठरावीक अंतराने जाड झाली आणि दंड मात्र ठीक असले, तर चूक कागद पुढे सरकण्यात आहे. त्यासाठी बऱ्याच प्रिंटरमध्ये वेगळी, आडव्या पट्ट्यांची अलाइनमेंट असते, आणि कागद ओढणारे रोलर पुसावे लागतात.

दंड पानाच्या एकाच भागात, समजा उजव्या समासाजवळच डळमळत असेल, आणि बाकी पान स्वच्छ असेल, तर झाकण उघडून कॅरेजच्या मागची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी बघावी. तिच्यावर अतिशय बारीक रेघा असतात. त्या मोजत मोजत कॅरेजला आपण कुठे आहोत ते कळतं. तिच्यावर शाईचा किंवा ग्रीसचा डाग पडला की मोजणी तिथेच चुकते. प्रिंटर बंद करून, तंतू न सुटणाऱ्या कापडाचं टोक पाण्याने जेमतेम ओलं करून ती हलक्या हाताने पुसायची. थिनर किंवा तसलं काही लावलं तर रेघाच पुसल्या जाऊ शकतात, आणि पट्टी निसटली तर परत लावताना घाम फुटतो.

जाड कागदाचा प्रश्न निराळा. पत्रिकेच्या कार्डावर पोकळी कमी होते, थेंब लवकर पोहोचतो आणि साध्या कागदावर बसवलेला आकडा थोडा चुकतो. त्यासाठी आकड्याशी खेळू नये. कार्डं थोडीच असतील तर एकाच दिशेने छापावीत. पावसाळ्यात दमट होऊन लहरी पडलेल्या कागदावर तर पोकळी वितावितावर बदलते, तिथे कुठलाच आकडा चालणार नाही. उघडं रिम पिशवीत बांधून ठेवावं, एवढाच उपाय.

बहिणीच्या प्रिंटरला आता वर्ष होईल, सातवरच चालू आहे. तुमच्या प्रिंटरमधून निघालेलं शेवटचं पान उजेडात धरून बघा. दंड एकेरी आणि शिरोरेषा अखंड असेल, तर त्या Maintenance च्या कप्प्याला हात लावू नका.