पालकाचं पाणी टाकायचं की ठेवायचं?

कच्चा पालक चावला की दातांवर खडू चोळल्यासारखी खरखर जाणवते. ही ऑक्झलेटची करामत. पानातलं ऑक्झलेट लाळेतल्या कॅल्शियमला गाठतं आणि त्याचे बारीक कण दातांवर बसतात. हीच जोडी लघवीत जमली की मुतखड्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार तयार होतो.

पालेभाज्यांतलं ऑक्झलेट दोन रूपांत असतं. सोडियम-पोटॅशियमशी बांधलेलं पाण्यात विरघळतं आणि आतड्यातून रक्तात जाण्याची शक्यता त्याचीच जास्त. कॅल्शियमशी आधीच बांधलेलं विरघळत नाही आणि बहुतांशी तसंच बाहेर पडतं. पालक आणि बीटचा पाला या एकाच कुळातल्या भाज्या. दोन्हींत विरघळणारा भाग भरपूर, म्हणून पाणी त्यांच्यावर चांगलं काम करतं.

पाव किलोच्या जुडीत सहज दीड-दोन ग्रॅम ऑक्झलेट असतं. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळून उकळावं, चिरलेला पालक चार-पाच मिनिटं त्यात राहू द्यावा, चाळणीत ओतून हलकेच पिळावा. पाल्याचे जाड देठ बारीक चिरले तर त्यांतलंही लवकर उतरतं. प्रयोगांत अशा उकळण्याने विरघळणाऱ्या ऑक्झलेटची घट भाजीनुसार सुमारे तीस ते सत्त्याऐंशी टक्के दिसली आहे. वाफवण्यात ती बरीच कमी भरते, कारण उष्णता ऑक्झलेटचा नाश करत नाही, पाणी फक्त ते बाहेर नेतं. म्हणून हिरवं पाणी ‘सत्त्व आहे’ म्हणून कणकेत घातलं, की गेलेलं सगळं पुन्हा ताटात! डाळीबरोबर कुकरमध्ये शिजवलेल्या पालकाचंही तेच. अर्थात त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेटही जातं. मुतखड्याचा त्रास नसलेल्या माणसाने दर वेळी पाणी ओतून देण्याची गरज नाही.

अळूची गोष्ट वेगळी. घशाला खाजवतात त्या त्याच्या पेशींतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया, आणि त्या उकळत्या पाण्यातही विरघळत नाहीत. तरी नीट शिजलेलं फदफदं खाजत नाही. भरपूर शिजवणं आणि चिंच ही घरोघरीची रीत त्यासाठीच आहे. कच्चट राहिलं, तर पहिल्या घासालाच कळतं. पण खाज गेली म्हणजे ऑक्झलेट गेलं असं मात्र नव्हे. अळूवडी तर वाफवलेलीच असते, पाणी ओतून देण्याचा प्रश्नच नाही. चिंचेऐवजी आंबट चुका घालणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की चुक्याचा आंबटपणा बराचसा ऑक्झॅलिक आम्लाचाच असतो.

ज्यांना डॉक्टरांनी ऑक्झलेट कमी करायला सांगितलं आहे, त्यांना उकळण्याबरोबर आणखी एक उपाय आहे: त्याच जेवणात दही किंवा पनीर. त्यातलं कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. गोळी वेगळ्या वेळी घेतली, तर ही भेट होत नाही.