सत्तावीस की एकोणतीस?

बिलातली चूक म्हटली की नव्या उमेदवाराला आधी बेरजेची चूक आठवते. प्रत्यक्षात बेरजेच्या चुका फार काळ टिकत नाहीत. बिल सॉफ्टवेअर बनवते, आणि रक्कम चुकलीच तर पैसे येताना-जाताना कोणीतरी ओरडतो. महागात पडतात त्या चुका वेगळ्या असतात: ज्यांत बिलाची रक्कम बरोबर असते, माल वेळेवर पोचतो, पैसेही ठरल्या दिवशी जमा होतात आणि तरीही कागदावरचा एखादा आकडा किंवा नाव चुकलेले असते. सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपला आलेल्या मुलामुलींना वरिष्ठ अकाउंटंट सुरुवातीलाच सांगतात, "रक्कम जुळली म्हणजे बिल जुळलं, असं समजू नका." 1 जुलै 2017 पासून, म्हणजे जीएसटी आल्यापासून, या सांगण्याला फार नेमका अर्थ आला आहे. तो समजायला ग्राहकाचा जीएसटी नंबर चुकण्याचे एकच उदाहरण पुरेसे आहे.

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र 27, कर्नाटक 29, गोवा 30. पुढची दहा अक्षरे म्हणजे व्यवसायाचा पॅन. तेरावे अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यातली ही कितवी नोंदणी आहे ते सांगते, चौदावे सहसा Z असते आणि पंधरावे पडताळणीचे असते. हे शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने निघते. म्हणून टाइप करताना एखादा आकडा इकडचा तिकडे झाला, तर बहुतेक वेळा पोर्टल तो नंबर स्वीकारतच नाही. त्यामुळे धोका चुकीच्या नंबरात कमी आणि बरोबर असलेल्या, पण दुसऱ्याच्या नंबरात जास्त असतो. तोही बहुधा त्याच कंपनीचा, फक्त दुसऱ्या राज्यातला.

चाकणचा एक छोटा कारखाना पंपाचे सुटे भाग बनवतो, असे समजू. त्याच्या एका ग्राहक कंपनीचे ऑफिस पुण्यातही आहे आणि बंगळुरूतही. पॅन एक, नोंदण्या दोन. कारखान्याच्या टॅलीत तिची दोन लेजर आहेत, नावे जवळपास सारखी, एकाच्या शेवटी पुणे आणि दुसऱ्याच्या शेवटी बीएलआर. ऑगस्ट 2024 मध्ये बंगळुरूकडून दोन लाखांच्या मालाची ऑर्डर येते. बिल करणारा मुलगा नावाची पहिली चार अक्षरे टाइप करतो, यादीत वर आलेल्या नावावर एंटर दाबतो आणि ते नाव निघते पुण्याचे. पार्टीचे राज्य महाराष्ट्र दिसल्याने टॅली सीजीएसटी 18,000 आणि एसजीएसटी 18,000 लावते. खरे तर माल परराज्यात विकलेला आहे, म्हणून आयजीएसटी 36,000 लागायला हवा होता. दोन्हीकडे एकूण बिल 2,36,000 रुपयेच होते.

चूक लपते ती याच एकसारख्या बेरजेमुळे. माल पाठवण्याचा पत्ता बंगळुरूचा टाकलेला असतो, त्यामुळे ट्रक बरोबर ठिकाणी जातो. ई-वे बिलही अडत नाही, कारण बिल एकाच्या नावे आणि माल दुसऱ्या पत्त्यावर हा प्रकार कायद्याला मान्य आहे. ग्राहक पैसे देतो, बँकेत 2,36,000 जमा होतात, लेजर शून्यावर येते आणि फाइल बंद होते.

आता करखात्याच्या बाजूने काय होते ते पाहू. कारखाना 11 सप्टेंबरपर्यंत जीएसटीआर-1 भरतो. त्यातली प्रत्येक ओळ ज्या जीएसटी नंबरावर टाकली असेल, त्या नोंदणीच्या जीएसटीआर-2बी या विवरणात 14 तारखेला उमटते. आपले हे बिल पुण्याच्या ऑफिसच्या 2बी मध्ये जाते. तिथे असा काही माल आलेलाच नाही. ज्या बंगळुरूला माल मिळाला, तिच्या 2बी मध्ये बिलाचे नावही नाही. जानेवारी 2022 पासून कायदा असा आहे, की विक्रेत्याने भरलेली माहिती खरेदीदाराच्या विवरणात आली, तरच खरेदीदाराला इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येते. म्हणजे बंगळुरूचे 36,000 अडकले. पुण्याला ते दिसतात, पण माल मिळालेला नसल्याने तिलाही ते घेता येत नाहीत.

एकाच कंपनीचे पैसे एकाच सरकारकडे गेले, मग एवढा काटेकोरपणा कशाला, असा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतोच, आणि तो रास्त आहे. उत्तर जीएसटीच्या मांडणीत आहे. हा कर माल जिथे वापरला जातो त्या राज्याचा. आयजीएसटी केंद्र गोळा करते आणि राज्याचा वाटा त्या राज्याला पोचवते. या बिलात एसजीएसटीचे 18,000 महाराष्ट्राच्या खात्यात पडले. कारखान्याच्या दृष्टीने आकडा एकच असला, तरी पैसे घेणारे राज्य बदलले आहे. म्हणून इकडचा कर तिकडे नुसता वळता करून मिळत नाही.

चुकीची किंमत वाढते ती दिवसांनुसार. माल गेटबाहेर जाण्याआधी लक्षात आले, तर बिल रद्द करून नवे काढायला पाच मिनिटे लागतात. 11 सप्टेंबरच्या आत लक्षात आले, तरी करखात्यापर्यंत काही पोचलेले नसते. फक्त ग्राहकाला नवे बिल पाठवायचे असते. त्यानंतर पुढच्या एखाद्या महिन्याच्या जीएसटीआर-1 मध्ये दुरुस्ती दाखवावी लागते, किंवा जुन्या बिलाची क्रेडिट नोट काढून योग्य नंबरावर नवे बिल करावे लागते. यात ग्राहकाच्या दोन्ही ऑफिसांना आपापल्या वह्या बदलाव्या लागतात, तिघांचे ईमेल जुळवावे लागतात. कटकट होते, पण पैसा जात नाही.

पैसा जातो तो पुढच्या टप्प्यावर. 2024-25 च्या बिलांची दुरुस्ती, क्रेडिट नोट आणि खरेदीदाराचे क्रेडिट या सगळ्यांची शेवटची तारीख 30 नोव्हेंबर 2025 होती. वार्षिक विवरण त्याआधी भरले तर मुदत तिथेच संपते. बिल निघाल्यापासून सव्वा वर्ष हा काळ भरपूर वाटतो. पण बऱ्याच ठिकाणी खरेदीची वही आणि 2बी दरमहा जुळवत नाहीत, वर्षअखेरीला ऑडिटच्या वेळी बसतात. तेव्हा सापडलेल्या फरकांची यादी पुरवठादारांना पाठवायला, स्मरणपत्रे द्यायला, उत्तर यायला वेळ लागतो. बिल काढणारा मुलगा तोवर नोकरी सोडून गेलेला असतो आणि ऑर्डर बंगळुरूची होती हे कोणालाच आठवत नसते.

मुदत उलटल्यावर हिशेब असा होतो. कारखान्याला आयजीएसटीचे 36,000 नव्याने भरावे लागतात. आधी चुकीच्या शीर्षाखाली भरलेल्या कराचा परतावा मागता येतो. योग्य कर भरल्या तारखेपासून त्याला दोन वर्षांची मुदत आहे आणि अशा चुकीवर कायदा व्याजही लावत नाही. ही तरतूद न्याय्य आहे. पण परतावा मिळेपर्यंत 36,000 खेळत्या भांडवलातून बाहेर राहतात. ग्राहकाचे क्रेडिट मात्र गेले ते गेलेच, कारण मुदतीनंतर भरलेला कर त्याच्या 2बी मध्ये दाखवायला जागा उरत नाही. ग्राहक तेवढ्या रकमेची डेबिट नोट काढतो आणि पुढच्या पेमेंटमधून 36,000 कापून घेतो. कारखान्याचा नफा आठ टक्के धरला, तर या बिलावर सुटले होते 16,000. ते तर गेलेच, वर 20,000 पदरचे गेले. 36,000 पुन्हा कमवायला साडेचार लाखांची विक्री करावी लागेल.

बंगळुरूच्या अकाउंटंटने 2बी न पाहता हातातल्या बिलावरून क्रेडिट घेऊन वापरले असेल, तर आणखी एक फांदी फुटते. ते क्रेडिट परत भरावे लागते आणि वापरल्या दिवसापासून वर्षाला 18 टक्के व्याज लागते. वीस महिन्यांनी पकडले गेले, तर व्याजच 10,800 होते. नोटीस आल्यावर साठ दिवसांत कर आणि व्याज भरले तर दंड टळतो. नाही भरले तर कराच्या दहा टक्के किंवा 10,000 रुपये, यातली मोठी रक्कम. इथे दहा टक्के म्हणजे 3,600, पण दंड बसेल 10,000 चा. लहान बिलांना हा किमान दंड फार जड जातो.

न्यायालयांनी अशा चुकांकडे सहानुभूतीने पाहिले आहे. स्टार इंजिनिअर्स प्रकरणात बिल एकाच्या नावे आणि माल दुसऱ्याकडे, अशाच व्यवहारांत जीएसटीआर-1 मध्ये चुकीच्या पक्षाचा नंबर गेला होता. सरकारचा महसूल बुडालेला नाही, हे पाहून मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये मुदतीनंतरही दुरुस्तीला परवानगी दिली. मार्च 2025 मध्ये अ‍ॅबरडेअर टेक्नॉलॉजीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही कारकुनी चुका सुधारण्याचा हक्क व्यवसाय करण्याच्या हक्कातूनच येतो, असे म्हटले. पण पोर्टल आपोआप उघडत नाही. ज्याला दुरुस्ती हवी त्याला याचिका करावी लागते, आणि 36,000 साठी उच्च न्यायालयात जाणारा वकिलाची फी ऐकूनच मागे फिरतो. हा दिलासा लाखांच्या घरातल्या, एकसारख्या अनेक बिलांसाठी आहे.

ई-इन्व्हॉइसमुळे ही चूक थांबेल, अशी अनेकांची समजूत असते. ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना तो सक्तीचा आहे. पण यंत्रणा नंबर अस्तित्वात आहे का, चालू आहे का, एवढेच पाहते. तो याच व्यवहाराचा आहे का, हे तिला कळणे शक्य नाही. उलट ई-इन्व्हॉइस तिथे रद्द करायला फक्त 24 तास मिळतात.

मग चूक पकडायची कुठे? बिल करताना खरेदी आदेश समोर ठेवून त्यावरच्या जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे, बिलावरचे पहिले दोन आकडे आणि माल उतरण्याचे राज्य ही तीन ठिकाणे एका नजरेत पाहायची. तिन्ही सारखी नसली तर लगेच चूक समजायची नाही, ग्राहकाला फोन करून बिल कोणत्या नंबरावर हवे ते विचारायचे आणि उत्तर ईमेलवर मागायचे. टॅलीतल्या जुळ्या लेजरांची नावे राज्याच्या आकड्याने सुरू करायची, 27 आणि 29 आधी, नाव नंतर. मग पहिली चार अक्षरे टाइप करून एंटर दाबण्याची सवय आपोआप मोडते. ऑक्टोबर 2024 पासून पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिमही आली आहे. तीत खरेदीदार आपले नसलेले बिल नाकारू शकतो आणि ते नाकारल्याचे विक्रेत्याला दिसते. पुण्याच्या ऑफिसने अनोळखी बिल नाकारले, तर कारखान्याला ते काही आठवड्यांतच कळू शकते. दर महिन्याला ही यादी उघडून बघणारा माणूस मात्र ठरवून द्यावा लागतो.