शंभरातले एक झाड

कार्तिक शुद्ध नवमीला आमच्या घरी आवळीखाली जेवायची पद्धत होती. आवळी आमची नव्हती, शेजारच्या वाड्यातली होती, आणि जेवण झाले की आम्ही मुले तिच्यावर दगड मारत असू. आजी ओरडायची, "फांदी मोडू नका रे, आवळे किती का पाडेनात!" वनस्पतिशास्त्रात पदवी घेऊन, पुढे बरीच वर्षे जंगलातल्या औषधी वनस्पतींच्या मोजणीची कामे केल्यावर मला त्या वाक्याचा हिशेब करता आला. तो हिशेब कसा मांडतात, आणि कर्नाटकातल्या एका डोंगरावर तो मांडल्यावर काय निघाले, ते या लेखात सांगायचे आहे.

डोंगर म्हणजे चामराजनगर जिल्ह्यातली बिळिगिरी रंगनस्वामी टेकड्यांची रांग. सह्याद्री आणि पूर्व घाट जिथे एकमेकांजवळ येतात तिथले हे ५४० चौरस किलोमीटरचे जंगल सोलिगा आदिवासींचे. त्यांच्या वस्तीला पोडू म्हणतात. मध, दगडफूल आणि आवळा हे त्यांच्या रोख उत्पन्नाचे मुख्य आधार. आवळा त्यांच्या आदिवासी सहकारी संस्थांमार्फत विकला जाई, तिथून तो लोणच्यात, आवळकाठीत आणि च्यवनप्राशात जाई. १९७४ साली हे जंगल अभयारण्य झाले. पुढे नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या 'एट्री' या संस्थेच्या संशोधकांनी सोलिगांबरोबर एक साधा प्रश्न हाती घेतला: दरवर्षी इतका आवळा काढला, तर आवळी टिकेल का?

या प्रश्नाला कोणीही प्रथम फळे मोजूनच उत्तर देऊ पाहील, आणि ती मोजावी लागतातही. एका आवळीवर फळे धरलेल्या बारा फांद्या असतील तर त्यातल्या तीन फांद्यांवरचे आवळे मोजायचे, सरासरी काढायची, बाराने गुणायचे. सरासरी दीडशे आली तर झाडावर अठराशे आवळे. काढणीआधी एकदा मोजायचे, काढणीनंतर पुन्हा, म्हणजे किती नेले आणि किती राहिले ते कळते. हे काम सोलिगा आमच्यापेक्षा झपाट्याने करतात, कारण झाडाखाली उभे राहून किती किलो निघेल हे सांगणे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. पण यातून हंगाम कळतो. जंगलाचे काय चालले आहे हे त्यातून कळत नाही, कारण आवळी पन्नास वर्षे जगू शकते आणि फळांचा हिशेब एका हिवाळ्याचा असतो.

म्हणून झाडे मोजायची. ठरावीक पट्ट्यातल्या प्रत्येक आवळीला ॲल्युमिनियमचा बिल्ला ठोकायचा, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर टेपने घ्यायचा, रोपांशेजारी खुणेच्या काड्या रोवायच्या, आणि दरवर्षी परत येऊन पाहायचे की कोण मेले, कोण वाढले, कोण नव्याने आले. निरोगी जंगलात रोपे पुष्कळ, पोरसवदा झाडे त्याहून कमी आणि मोठी झाडे सर्वांत कमी, अशी उतरंड दिसते. मधली पायरीच गायब असेल तर वरून जंगल कितीही हिरवे दिसो, ते म्हातारे होत चालले आहे असे समजावे.

माझी पहिली चूक इथेच झाली. मी सप्टेंबरात गेलो होतो. पावसाने आवळीखाली नाजूक रोपांचा गालिचा पसरला होता आणि मी वहीत मोठ्या आनंदाने 'पुनरुत्पत्ती उत्तम' असे लिहिले. आमच्याबरोबर आलेल्या एका वयस्कर सोलिगा गृहस्थांनी (सगळे त्यांना 'अज्जा' म्हणत, मीही म्हणू लागलो) वहीकडे पाहिले आणि दुभाष्यामार्फत म्हणाले, "शिवरात्रीनंतर या आणि मग लिहा." मार्चमध्ये गेलो. बहुतेक काड्यांशेजारी काहीच उरले नव्हते. उन्हाने नेले, चितळांनी नेले, काही जाळात गेले. मग लक्षात आले, की रोपे उगवण्याचा वेग म्हणजे पुनरुत्पत्तीचा वेग नव्हे. फळ धरण्याच्या वयापर्यंत वर्षाला किती पोचतात, हा खरा आकडा, आणि त्याला एका ऋतूत पकडता येत नाही.

आता हिशेब. समजा एका पट्ट्यात फळणारी शंभर झाडे आहेत. वर्षाला त्यातली दोन मरतात आणि खालून दोन नवी फळू लागतात. शंभराची शंभर राहतात. झाडांची संख्या एका वर्षात किती पट होते त्याला वाढीचा गुणक म्हणतात, आणि तो इथे बरोबर १ आहे. आता माणसांनी निम्मे आवळे नेले. सर्वांत वाईट गृहीत धरू, की बी निम्मे झाले म्हणून नवी झाडेही निम्मी होतील. मग दोनाऐवजी एक येईल आणि शंभराची नव्व्याण्णव होतील. आता उलटे पाहू. आवळ्याला कोणी हातही लावला नाही, पण वर्षाला दोनाऐवजी तीन झाडे मेली. तरीही नव्व्याण्णवच. म्हणजे जंगलातले निम्मे आवळे नेणे आणि शंभरात एक झाड जास्त मरणे, या दोन्हींचे जमाखर्चात वजन सारखे.

प्रत्यक्षात तर निम्मे आवळे नेण्याचे वजन याहूनही कमी भरते. एका आवळ्यात साधारण सहा बिया असतात, म्हणजे अठराशे आवळ्यांच्या एका झाडाच्या एका वर्षाच्या दहा हजारांवर बिया. त्यातल्या जवळजवळ सगळ्या वाया जाणारच असतात, आणि रोपाला अडते ते बहुधा बियांअभावी नाही, तर जागा, उजेड आणि उन्हाळा यांमुळे. अर्थात चितळे आवळे खाऊन रवंथ करताना बिया दूरवर टाकतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याचे सगळेच उचलले तर रोपे आईच्याच सावलीत अडकतील. तेवढे सांभाळले, की फळांच्या काढणीला आवळी बरीच सोसते.

शंभरात एक जास्तीचे झाड मेलेले मात्र कोणाला दिसत नाही. वीस झाडांवर नजर ठेवून बसलात तर पाच वर्षांत एखादे मरेल आणि तुम्ही ते म्हातारपणावर घालाल. म्हणून शेकडो बिल्ले लागतात आणि वर्षेही लागतात.

बिळिगिरीत ती वर्षे मिळाली. तमारा टिक्टिन, आर. गणेशन, एम. परमेश आणि सिद्दप्पा शेट्टी यांनी तिथल्या दोन जातींच्या आवळ्यांची सुमारे दहा वर्षांची नोंद तपासून २०१२ साली निष्कर्ष मांडले. दोन्हींची संख्या घटत होती. पण त्या घटीत फळकाढणीचा वाटा लहान होता. मोठा वाटा होता बांडगुळाचा आणि घाणेरीचा.

बांडगूळ आपल्याला आंब्यावर माहीत आहे. फुलटोच्यासारखे पक्षी त्याचे चिकट बी फांदीवर पुसतात, ते सालीत मूळ घुसवते आणि झाडाचे पाणी पिऊ लागते. लागण झालेल्या फांद्या कमी फळतात, वाळतात, आणि लागण फार झाली तर झाडच जाते. घाणेरी खालून काम करते. तिच्या दाट जाळीत आवळीच्या रोपाला ऊन मिळत नाही. १९९७ मध्ये पाहिलेल्या नमुना-पट्ट्यांपैकी ४१ टक्क्यांत घाणेरी होती, त्याच जागा २००८ मध्ये पुन्हा पाहिल्या तेव्हा ८१ टक्क्यांत. म्हणजे मृत्यू वरून वाढला आणि भरती खालून आटली, आणि दोन्ही बाजूंनी मोजणीत तेच उतरले.

सोलिगा बांडगुळाला 'उप्पिलु' म्हणतात, आणि त्यांचे कारण वेगळे होते. पूर्वी थंडी सरता सरता ते पाचोळ्याला हलकी आग लावत. जमीन ओलसर असताना लावलेली ती आग गुडघ्यावर चढत नसे. अभयारण्य झाल्यावर ती बंद झाली. अज्जांच्या म्हणण्याप्रमाणे त्या धगीने उप्पिलु आणि घाणेरी दोन्ही ताब्यात राहत, आणि आवळे काढायला चढणारा माणूस जाता जाता उप्पिलुची फांदी छाटून खाली टाकत असे. आता आग कोणी लावत नाही, आणि लागते तेव्हा साचलेल्या घाणेरीमुळे उंच वणवा होतो. मला प्रथम हे सोयीचे बोलणे वाटले होते. पण पुढे संशोधकांनी आग, घाणेरी आणि बांडगूळ हे तिन्ही एकत्र तपासायला घेतले, त्यात सोलिगांच्या या सांगण्याचा मोठा वाटा आहे.

दरम्यान कायद्याने वेगळेच औषध दिले होते. वन्यजीव कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीनंतर अभयारण्यातून विक्रीसाठी वनोपज काढण्यावर बंदी आली. जमाखर्चात ज्या रकान्याचे वजन सर्वांत कमी, तोच बंद झाला. पोडूंचे उत्पन्न गेले, झाडावर चढणारे थांबले, उप्पिलु मात्र वाढत राहिले. २०११ मध्ये जंगल व्याघ्रप्रकल्प झाले, आणि त्याच वर्षी वनहक्क कायद्याखाली पंचवीस पोडूंना सामूहिक हक्क मिळाले.

म्हणजे मर्यादा नकोच, असे नाही. आवळ्याच्या बाबतीतही काढण्याची रीत बिघडली की गणित फिरते. जंगल कोणाचेच नाही असे झाले, की दुसरा नेईल या भीतीने कच्चाच आवळा पाडला जातो, आणि घाईत चढण्याऐवजी जाड फांदीच तोडली जाते. तोडलेल्या फांदीची भरपाई व्हायला काही हंगाम लागतात, आणि मोठ्या जखमेतून खोड कुजू लागले तर आपण नकळत शंभरातले ते एक जास्तीचे झाड मारलेले असते. म्हणून इथे मर्यादा किलोत बांधण्यापेक्षा कोयत्यावर बांधणे शहाणपणाचे: बांडगुळाची फांदी छाटावी, निरोगी फांदी तोडू नये, फळ पिकण्याआधी काढणी सुरू करू नये, शेंड्याचे आवळे ठेवावेत.

हाच नियम उचलून सह्याद्रीतल्या नरक्याला लावला तर अनर्थ होईल. कर्करोगावरच्या औषधासाठी नरक्याचे लाकूडच लागते, म्हणजे तिथे काढणी हाच मृत्यू. शंभरात वर्षाला दोनच नवी तयार होत असतील आणि दोन आपणहून मरत असतील, तर तोडायला शिल्लक शून्य. मुसळीचा कंद, साल, मूळ, या सगळ्यांचे हिशेब आवळ्यापेक्षा नरक्याच्या बाजूला झुकतात. त्यामुळे 'औषधी वनस्पती' अशा एका नावाखाली सरसकट टक्केवारी ठरवणारा आदेश दिसला, की मी आधी झाडाचा कोणता भाग न्यायचा आहे ते शोधतो.

शेवटच्या खेपेस अज्जांबरोबर आमच्या जुन्या पट्ट्यात गेलो. एक बिल्ला सापडेना. घाणेरी बाजूला सारली तेव्हा खोड दिसले, साल निघालेले, वर उप्पिलुचे वाळके झुबके. मी वहीत 'मृत' लिहिले. अज्जांनी कोयत्याने शेजारची जाळी दोन हात मोकळी केली. तिथे अंगठ्याएवढ्या जाडीची एक आवळी उजेडासाठी वाकडी होऊन उभी होती. तिला आमचा बिल्ला नव्हता. घेर घेतला, नवा क्रमांक दिला.