‘पोटदुखी’ एवढंच लिहिलं तर

सीटी स्कॅनच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी काय लिहिलंय, हे आपण सहसा वाचत नाही. चिठ्ठी काउंटरवर दिली, पैसे भरले, की पुढचं मशीन बघून घेईल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ‘पोटाचा सीटी’ ही एक तपासणी नाहीच. इंजेक्शन द्यायचं की नाही, दिलं तर किती वेगाने, आणि त्यानंतर कितव्या सेकंदाला चित्रं घ्यायची, यावरून त्याच मशीनवर त्याच पोटाच्या अनेक वेगवेगळ्या तपासण्या होतात. यातली कोणती करायची हे ठरवण्याला रेडिओलॉजीत प्रोटोकॉल लावणं म्हणतात. ते ठरवताना रेडिओलॉजिस्टने पेशंटला बहुतेक वेळा पाहिलेलंही नसतं. त्याच्या हातात असते ती चिठ्ठी.

एक उदाहरण धरू. ६७ वर्षांच्या आजी. सकाळी सहाला अचानक पोटात भयंकर कळ आली, दहाच्या सुमाराला मुलगा त्यांना घेऊन इस्पितळात पोहोचला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं तर ते मऊ. आजी मात्र वेदनेने तळमळताहेत. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते. त्यासाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू होती, पण दाढ काढायची म्हणून आठ दिवसांपूर्वी बंद केली आणि पुन्हा सुरू करायची राहून गेली. डॉक्टरांच्या डोक्यात शंका अगदी नेमकी आहे: हृदयात तयार झालेली गुठळी सुटून आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत तर अडकली नाही ना? पण ओपीडीत गर्दी आहे, आणि चिठ्ठीवर उमटतं फक्त ‘सीटी अ‍ॅबडोमेन, पोटदुखी’.

या चिठ्ठीवर स्कॅन सेंटरमध्ये काय होईल? पोटदुखीसाठीचा नेहमीचा प्रोटोकॉल लागेल. काही ठिकाणी आधी लिटरभर पाण्यात मिसळलेलं औषध तास-दीड तासात थोडंथोडं प्यायला देतात, म्हणजे आतडी चित्रात पांढरी उठून दिसतात. हाताच्या मागच्या बाजूला बारीक, निळी सुई आधीच लावलेली असेल तर तीच चालवून घेतली जाईल. मग आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट, पेशंट ज्याला ‘डाय’ म्हणतात ते, शिरेतून सोडून साधारण ७० सेकंदांनी एकदाच चित्रं घेतली जातील.

सत्तर सेकंद कशासाठी, तर कॉन्ट्रास्ट शरीरात एका जागी थांबत नाही. साधारण ३० सेकंदांच्या आसपास तो धमन्यांत भरलेला असतो. सत्तरच्या आसपास यकृत आणि पोटातल्या शिरा उजळतात. काही मिनिटांनी तो मूत्रपिंडातून लघवीत उतरतो. यकृतात गाठ किंवा पोटात पू शोधायचा असेल तर सत्तराव्या सेकंदाची चित्रं बहुधा पुरतात. आजींच्या बाबतीत मात्र पाहायची आहे ती धमनी, आणि धमनीतला कॉन्ट्रास्टचा भर तोपर्यंत ओसरलेला असतो. मोठी गुठळी असेल तर ती यातही दिसू शकते, पण एखाद्या फांदीतली छोटी गुठळी निसटण्याची शक्यता बरीच. शिवाय प्यायलेल्या औषधाने आतड्याची पोकळी पांढरीफटक झाली की भिंतीत रक्त पोहोचतंय की नाही हे कळणं अवघड होतं. आणि तो तास-दीड तास आतड्याला परवडणारा नसतो.

आता दुसरी चिठ्ठी पाहा. ‘६७, स्त्री. ४ तासांपूर्वी अचानक तीव्र पोटदुखी, पोट मऊ. एट्रियल फिब्रिलेशन, रक्त पातळ करणारी गोळी ८ दिवस बंद. आतड्याच्या धमनीत गुठळी? क्रिएटिनिन १.३. कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी नाही.’ लिहायला मिनिटभरही लागत नाही, पण यातला प्रत्येक तुकडा स्कॅनमध्ये काहीतरी बदलतो. ‘अचानक’ आणि ‘पोट मऊ’ यांमुळे घाई कळते. तपासताना काही हाती लागत नाही आणि वेदना मात्र असह्य, ही या आजाराची जुनी ओळख आहे. ठोके आणि बंद झालेली गोळी यांमुळे शंकेला आधार मिळतो. ‘धमनी’ वाचताच तंत्रज्ञ कोपराच्या खळीत जाड सुई लावून घेतो, कारण कॉन्ट्रास्ट सेकंदाला चारेक मिलिलिटर वेगाने जायला हवा आणि बारीक सुईतून तो वेग मिळत नाही. प्यायचं औषध रद्द होतं. चित्रं दोनदा घेतली जातात: आधी धमन्या भरलेल्या असताना, गुठळी शोधायला, आणि पुन्हा सत्तरच्या आसपास, आतड्याची भिंत जिवंत आहे का आणि शिरांत काही अडकलंय का ते पाहायला. क्रिएटिनिन लिहिलेलं असल्यामुळे मूत्रपिंडाच्या रिपोर्टची वाट पाहत कुणी थांबत नाही. अशा संशयात तो रिपोर्ट नसला तरी थांबू नये.

याच सेंटरवर पुढची चिठ्ठी एखाद्या तरुणाची असू शकते: ‘उजव्या कुशीतून जांघेकडे जाणारी कळ, लघवीत रक्त. मुतखडा?’ त्याचंही पोटच दुखतंय, पण त्याला इंजेक्शनच द्यायचं नाही. खडा पांढरा दिसतो आणि लघवीत उतरलेला कॉन्ट्रास्टही पांढराच. साधा, कमी किरणोत्सर्गाचा स्कॅन त्याला पुरतो.

चिठ्ठी बिघडते ती नेहमी आळसानेच असं नाही. काही डॉक्टर लांबलचक इतिहास लिहितात, मधुमेह, थायरॉइड, गुडघ्याचं ऑपरेशन, आणि प्रश्न तेवढा राहून जातो. काही जण लघुरूपांवर भिस्त ठेवतात. ‘पीई’ म्हणजे फुप्फुसाच्या धमनीतली गुठळीही होऊ शकते आणि छातीत साचलेलं पाणीही. दोन्हींचा स्कॅन वेगळा. सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे नंबर लवकर लागावा म्हणून जास्तीचं लिहिणं. साध्या पोटदुखीला ‘धमनीत गुठळी?’ लिहिलं की पेशंटला दोनदा चित्रं, म्हणजे गरज नसलेला किरणोत्सर्ग. आणि हे रोज होऊ लागलं की रेडिओलॉजिस्ट त्या डॉक्टरांच्या प्रश्नचिन्हाकडे गांभीर्याने पाहणं सोडून देतो. प्रश्नचिन्ह काढून शंका निदान म्हणून लिहिली तरी घोटाळा होतो, मग वाचणाऱ्याचे डोळे तेवढंच शोधत राहतात. (गर्भवतीच्या सोनोग्राफीत फॉर्म एफवर कारण नोंदवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. त्याचा हेतू वेगळा, पण रकाना भरला जातो.)

नातेवाइकांना यात करता येण्यासारखं थोडं आहे. बंद केलेल्या गोळ्या, आधीची ऑपरेशनं, पूर्वी इंजेक्शनने आलेलं पुरळ किंवा धाप, हे चिठ्ठीत नसेल तर तंत्रज्ञाला तोंडी सांगावं आणि जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्यावी. रिपोर्ट हातात आल्यावर शेवटच्या निष्कर्षाआधी वरच्या दोन ओळी वाचाव्यात. तिथे पेशंटची तक्रार आणि स्कॅन कसा केला ते लिहिलेलं असतं. तक्रारीच्या जागी नुसतं ‘पोटदुखी’ असेल, तपासणीच्या जागी फक्त शिरांच्या वेळेची चित्रं असतील, आणि डॉक्टरांना शंका धमनीची होती असं तुम्हाला ठाऊक असेल, तर ‘विशेष दोष आढळला नाही’ या वाक्यावर घरी जाऊ नये. तो रिपोर्ट घेऊन तिथल्या तिथे डॉक्टरांना गाठावं आणि त्यांनी रेडिओलॉजिस्टला फोन करावा. त्याच चित्रांत धमनी पुन्हा नीट पाहता येईल का, की दुसऱ्यांदा कॉन्ट्रास्ट द्यावा लागेल, हे त्या दोघांच्या बोलण्यातूनच ठरतं.