आदल्या रात्रीची 42 कार्डं

बारावीच्या जीवशास्त्राच्या पेपरला पंधरा-सोळा तास उरले होते आणि माझ्या भाचीच्या टेबलावर रक्ताभिसरणाचा धडा चार ठिकाणी पसरलेला होता. कॉलेजच्या वहीत निम्मा, क्लासच्या झेरॉक्समध्ये थोडा, पाठ्यपुस्तकाच्या समासात पेन्सिलीने खरडलेला आणि उरलेला मोबाइलमधल्या फळ्याच्या फोटोंत. ‘मावशी, सगळं वाचून झालंय गं, पण काहीच आठवत नाहीये,’ ती म्हणाली. हे वाक्य मी विज्ञान शिकवते म्हणून दरवर्षी ऐकते. वाचताना ओळख पटते आणि ओळख पटली की येतंय असं वाटतं. परीक्षेत मात्र समोर वही नसते.

त्या रात्री तिने नोट्सची कार्डं केली. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, एवढाच प्रकार. इंग्रजीत ज्याला फ्लॅशकार्ड म्हणतात, तेच. सगळ्यांना ठाऊक असलेली ही युक्ती आदल्या रात्री बहुतेकांची फसते, कारण कार्डं करण्यातच रात्र संपते. शीर्षकाला हिरवं पेन, व्याख्येला लाल, शेवटी गठ्ठा देखणा होतो आणि पाठ काहीच होत नाही.

म्हणून तिने सुरुवात कार्डापासून केली नाही. नोट्स बाजूला ठेवल्या, एक कोरा कागद घेतला आणि धड्यातलं जे आठवतं ते मोडक्यातोडक्या शब्दांत लिहून काढलं. मग पुस्तकाशी ताडून तीन प्रकारच्या खुणा केल्या: येतंय, अर्धवट, अजिबात नाही. रक्तगट, रक्तपेशींचे प्रकार वगैरे तिला येत होतं. त्याची कार्डं करायचीच नाहीत असं ठरलं. हे सोपं वाटतं, पण मुलांना नेमकं जे येतं त्याचीच कार्डं करायला आवडतं.

पहिली अडचण कागदाची आली. स्टेशनरीचं दुकान बंद झालेलं, घरात फक्त साधे ए-फोर कागद. त्याचे आठ तुकडे करून एका बाजूला प्रश्न आणि मागे उत्तर लिहिलं, तर दिव्याखाली उत्तराची अक्षरं उलटी होऊन आरपार दिसायला लागली. मग तिने कागदाचे चारच भाग केले आणि प्रत्येक भाग मधोमध दुमडला. प्रश्न बाहेर, उत्तर घडीच्या आत. एका कागदात चार कार्डं होतात आणि डोळा चोरून बघण्याची सोय राहत नाही.

खरी मेहनत पुढे होती. तिच्या वहीत एका ओळीत असं काहीसं होतं: हृदयचक्र 0.8 सेकंद, 0.1, 0.3, 0.4, एसए नोड, एव्ही नोड, बंडल ऑफ हिज, पर्किंजे, लब-डब, झडपा. ही ओळ जशीच्या तशी कार्डावर उतरवून वर ‘हृदयचक्र समजावा’ असा प्रश्न लिहिला की ते कार्ड वाया गेलं. उत्तर देताना दहापैकी सहा गोष्टी आठवतात, चार राहतात, आणि कार्ड बरोबर धरायचं की चूक हेच कळत नाही. एका कार्डाला एकच उत्तर हवं, तेही असं की घडी उघडताच आलं की नाही हे लगेच समजावं.

तिने ती ओळ फोडली. ठोका कुठून सुरू होतो? उजव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या भिंतीतल्या एसए नोडपासून. तिथून निघालेला संदेश एव्ही नोडपाशी किंचित थांबतो, तो का? अलिंदांतलं रक्त खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, पूर्ण उतरायला वेळ मिळावा म्हणून. हा ‘का’ कळला की पुढचा क्रम वेगळा घोकावा लागत नाही. एव्ही नोडनंतर बंडल ऑफ हिज आणि शेवटी निलयांच्या भिंतींत पसरलेले पर्किंजे तंतू. लब हा आवाज कोणत्या झडपा मिटल्याने येतो? अलिंद आणि निलय यांच्या मधल्या. आणि डब? निलयांतून बाहेर पडणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या अर्धचंद्राकृती झडपा मिटल्याने.

आकड्यांपाशी ती अडखळली. वहीत एके ठिकाणी अलिंदांची विश्रांती 0.7 सेकंद लिहिली होती, तर दुसरीकडे विश्रांती 0.4. दोन्ही बरोबर आहे. एक ठोका सुमारे 0.8 सेकंदाचा. त्यात अलिंद 0.1 सेकंद आकुंचन पावतात, म्हणून त्यांची विश्रांती 0.7. निलय 0.3 सेकंद आकुंचन पावतात, त्यांची विश्रांती 0.5. आणि चारही कप्पे एकदमच सैल असतात तो काळ 0.4. तिने सहा आकड्यांची सहा कार्डं केली नाहीत. 0.8, 0.1 आणि 0.3 एवढीच पाठ करायची कार्डं; बाकीच्या प्रश्नांवर उत्तराच्या जागी वजाबाकी लिहिली. 0.8 सुद्धा पडताळता येतो: मिनिटाला 72 ठोके, तर 60 भागिले 72 म्हणजे 0.83. दर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडतं, ते 72 ने गुणलं की मिनिटाला पाच लिटर. हिशेबाने काढता येणारी गोष्ट पाठ करण्यात आदली रात्र घालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग एक खरीखुरी चूक सापडली. ट्रायकस्पिड झडप वहीत उजवीकडे होती आणि झेरॉक्सवर, तिच्याच अक्षरात, डावीकडे. कार्डावर एकच उत्तर लिहायचं असल्यामुळेच हा गोंधळ बाहेर आला. नुसतं वाचत गेली असती तर दोन्ही नोंदी तिला ओळखीच्याच वाटल्या असत्या. कारण शोधलं तेव्हा आकृती दिसली. हृदयाची आकृती समोर उभ्या असलेल्या माणसाची असते, त्यामुळे हृदयाची उजवी बाजू कागदाच्या डाव्या हाताला येते. ट्रायकस्पिड उजवीकडे, बायकस्पिड डावीकडे, हे तिने आधी पुस्तकात पाहिलं आणि मगच कार्डावर लिहिलं. नोट्सवरून कार्डं करण्यातला सर्वांत मोठा धोका हाच आहे. वहीतली चूक कार्डावर आली की ती दहा वेळा घोकली जाते आणि बरोबर उत्तरापेक्षाही पक्की बसते. म्हणून जिथे दोन नोंदी जुळत नाहीत तिथे पाठ्यपुस्तक उघडायचं. एरवी मात्र एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवणीतून कार्ड लिहायचं. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की ती नुसती नक्कल होते.

पावणेअकरा वाजता तिने हात थांबवला तेव्हा 42 कार्डं झाली होती. अजून करायची तिची इच्छा होती, मी नको म्हटलं. पुढचा तास विचारण्यासाठी हवा होता.

इथे एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. 2006 साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला, दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता: तो 81 टक्के आठवला, आठवून लिहिलेला 75. दोन दिवसांनी मात्र चित्र उलटलं. पुन्हा वाचलेला 54 वर घसरला, आठवून लिहिलेला 68 वर राहिला. रात्री वही वाचून मिटताना जो भरवसा वाटतो तो पाच मिनिटांच्या परीक्षेतला आहे, आणि दुसऱ्या दिवशी अकराचा पेपर पाच मिनिटांनी नसतो.

म्हणून कार्ड हातात घेतल्यावर घडी उघडण्याआधी उत्तर तोंडाने म्हणायचं. मनात ‘हां, हे येतं’ म्हणून उघडणं बाद. आपणच आपल्याला फसवतोय हे ओळखायची खूण सोपी आहे: घडी उघडल्यावर ‘हेच म्हणणार होते’ असं तोंडून निघालं, तर ते कार्ड चूक धरायचं.

दुसरा मोह पाच-पाच कार्डांचे छोटे गठ्ठे करून प्रत्येक घोटून काढण्याचा. तिनेही तेच सुरू केलं, आणि पटापट उत्तरं येऊ लागल्यामुळे खूशही झाली. नेट कॉर्नेल यांनी 2009 मध्ये हेच तपासलं. काही शब्दांच्या कार्डांचा एकच मोठा गठ्ठा दिला, म्हणजे तेच कार्ड पुन्हा हाती यायला बराच वेळ जाईल. तर काही शब्द छोट्या गठ्ठ्यांत दिले. 90 टक्के लोकांना मोठ्या गठ्ठ्याने जास्त फायदा झाला, पण अभ्यास झाल्यावर विचारलं तर 72 टक्के लोक म्हणाले की छोटे गठ्ठेच चांगले. जे सोपं जातं ते चांगलं चाललंय असं वाटतं, त्याचा हा परिणाम. मग तिने सगळी 42 कार्डं एकत्र पिसली आणि प्रत्येक फेरीत पूर्ण गठ्ठा फिरवला. चुकलेलं कार्ड तळाशी. बरोबर आलेलं लगेच बाजूला नाही. दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत बरोबर आलं, तरच सुटी.

पद्धतशीरपणे हे करायचं तर त्यासाठी खोका असतो. 1972 मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी जर्मन भाषेतल्या पुस्तकात तो सांगितला: बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि अधिक दिवसांनी परत येतं, चुकलेलं पहिल्या कप्प्यात परततं. पण त्याला दिवस लागतात, आणि तिच्याकडे एकच रात्र होती.

कार्डांची मर्यादाही तिला त्याच रात्री कळली. बोर्डाच्या 70 गुणांच्या पेपरात एकेका गुणाचे प्रश्न 18 गुणांचे असतात, तिथे कार्ड थेट उपयोगी पडतं. चार गुणांच्या प्रश्नाला मात्र सुटे तुकडे पुरत नाहीत, ते जोडून लिहावे लागतात. त्यासाठी तिने झोपण्यापूर्वी हृदयाची आकृती न बघता एकदा काढली, नावं दिली आणि रक्ताचा मार्ग बाणांनी दाखवला. फुफ्फुसधमनीचा बाण चुकला, तो दुरुस्त केला. बारा वाजता दिवा बंद केला, कारण झोपेवर डल्ला मारून मिळवलेला तास सकाळी पेपरात वसूल होत नाही. सकाळी नवं काही न वाचता फक्त अडलेली नऊ कार्डं फिरवली.

पेपर बरा गेला. एव्ही नोडवर काही आलं नाही, झडपांवर आलं. 42 पैकी किती कार्डं उपयोगी पडली याचा हिशेब आम्ही केला नाही, कारण एका धड्याची कार्डं म्हणजे सगळा पेपर नव्हे. बाकीचे धडे तिने वर्षभर केले होते, म्हणूनच ही रात्र एका धड्याला देता आली. ज्यांचा अख्खा विषय राहिलाय त्यांनी आदल्या रात्री कार्डांच्या नादी लागू नये. मागच्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात आणि त्यातलं जे येत नाही तेवढंच बघावं. आणि ज्यांच्यापाशी अजून दिवस आहेत त्यांनी धडा शिकवून झाला की त्याच आठवड्यात दहा कार्डं करावीत, रबर लावून ठेवावीत आणि दर रविवारी सगळा गठ्ठा एकदा पिसावा.