रूटला जागा किती?

भाच्याचा लॅपटॉप एके सकाळी आत घेईना. पासवर्ड बरोबर, पण पडदा एकदा काळा व्हायचा आणि पुन्हा पासवर्डच मागायचा. Ctrl+Alt+F3 दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन केलं आणि दोन ओळी चालवल्या:

```
df -h / /home
sudo du -xhd1 / | sort -h
```

रूट 100 टक्के भरलेलं, होम जेमतेम एक चतुर्थांश. मिंट टाकताना त्याने 512 जीबीच्या डिस्कमधले 25 जीबी रूटला दिले आणि बाकी सगळं होमला. फोटो-सिनेमे होममध्येच जाणार, हा त्याचा हिशेब बरोबर होता. पण टाइमशिफ्ट रोजची प्रत रूटमध्येच ठेवत होतं. तिथेच 12 जीबी गेले होते. फ्लॅटपॅकची अ‍ॅप्सही `/var` खाली, म्हणजे रूटमध्येच साठतात. जुन्या प्रती काढल्यावर लॅपटॉप सुरू झाला, पण आम्ही डिस्क नव्यानेच मांडली.

कंपनीचे 512 जीबी लिनक्स 476 च्या आसपास दाखवतं, म्हणून आकडेमोड 476 वरून. सुरुवातीला ईएफआय पार्टिशन 1 जीबी, फॅट32. मिंटला एवढी गरज नाही, पण काही लिनक्स कर्नलही तिथेच ठेवतात आणि मग विंडोजने केलेलं 100 एमबीचं पार्टिशन अपुरं पडतं. रूटला 80. त्यामागे 35 जीबी मुद्दाम मोकळे सोडले, कारण पार्टिशन उजवीकडे वाढवणं काही मिनिटांचं काम असतं. डावीकडे वाढवायचं तर आतला सगळा डेटा सरकवावा लागतो आणि मध्येच वीज गेली तर संपलंच.

स्वॅपवर आमचा वाद झाला. ‘रॅमच्या दुप्पट’ हा नियम रॅम मोजकी असायची तेव्हाचा. त्याची रॅम 16 जीबी, त्यामुळे रोजच्या वापराला 4 जीबीची स्वॅप फाइलही चालली असती. पण त्याला हायबरनेट हवं होतं. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर उतरतं, म्हणून स्वॅप 20 जीबी. उरलेले सुमारे 340 होमला.

होम वेगळं ठेवण्याचा फायदा पुढच्या वेळी कळतो. नवी आवृत्ती टाकताना रूट पुसायचं, होमला फक्त `/home` हा माउंट पॉइंट द्यायचा आणि वापरकर्त्याचं नाव जुनंच ठेवायचं. फाइली, ब्राउझरचे बुकमार्क जागच्या जागी सापडतात. अर्थात होम त्याच डिस्कवर आहे; डिस्क गेली की तेही गेलं. बॅकअप बाहेरच्या डिस्कवरच हवा.

इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी ‘फॉरमॅट’च्या रकान्यावर एकदा नजर टाका: खूण रूटपुढे हवी, होमपुढे नको आणि विंडोज ठेवायचं असेल तर ईएफआयपुढेही नको.