सर्वांत किडकिडीत झाड
एव्हीएल ट्री वाईटात वाईट किती उंच होऊ शकतो? उत्तर फिबोनाची संख्यांत आहे, आणि त्या संख्या मोजतात ती झाडातली रिकामी जागा.

१९६२ साली गिओर्गी अडेल्सन-वेल्स्की आणि येवगेनी लांडिस या दोन सोव्हिएत गणितज्ञांचा चार पानांचा एक लेख तिथल्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. कम्प्युटरमधली माहिती कशी रचावी म्हणजे हवी ती नोंद पटकन सापडेल आणि नवी नोंदही पटकन घालता येईल, हा त्याचा विषय होता. त्या लेखातल्या रचनेला आज त्या दोघांच्या आडनावांवरून एव्हीएल ट्री म्हणतात.

मूळ कल्पना बायनरी सर्च ट्रीची. प्रत्येक नोडमध्ये एक नोंद. तिच्याहून लहान सगळं डावीकडे, मोठं सगळं उजवीकडे. शोधताना वरून सुरुवात करायची आणि प्रत्येक पातळीवर एकच तुलना करत खाली यायचं. म्हणजे शोधायला लागणारा वेळ झाडाच्या उंचीवर ठरतो. दहा लाख नोंदी नीट पसरल्या तर २० पातळ्यांत मावतात. पण त्याच नोंदी चढत्या क्रमाने आल्या, तर प्रत्येक नवी नोंद आधीच्या नोंदीच्या उजव्या हाताला लटकते आणि झाडाऐवजी दहा लाख पातळ्यांची साखळी तयार होते.

यावर त्या दोघांनी एकच अट घातली. कोणत्याही नोडची डावी आणि उजवी फांदी यांच्या उंचीत एकापेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही. फरक दोनवर गेला की तिथले दोन-तीन नोड फिरवून तोल सावरायचा. या फिरवण्याला रोटेशन म्हणतात.

अट सैल आहे. प्रत्येक नोडला एका पातळीची सूट आहे आणि ती सूट सगळ्यांनी एकदम घेतली, तर झाड बरंच उंच होऊ शकतं. किती उंच, ते कळल्याशिवाय ही अट पुरेशी आहे असं म्हणता येत नाही.

प्रश्न उलटा करून

‘एवढ्या नोडांचं झाड जास्तीत जास्त किती उंच?’ या प्रश्नाला थेट भिडलं तर हाताला काही लागत नाही. तो उलटा विचारला की सोपा होतो: एवढ्या उंचीचं झाड उभं करायला कमीत कमी किती नोड लागतात? इथे उंची म्हणजे पातळ्यांची संख्या. h पातळ्यांसाठी लागणाऱ्या किमान नोडांना N(h) म्हणू.

एका पातळीला एक नोड, दोन पातळ्यांना दोन. तीन पातळ्या हव्या असतील तर वरच्या नोडची एक फांदी दोन पातळ्यांची असायलाच हवी. दुसरी जितकी आखूड तितके नोड वाचतात, पण अट तिला एका पातळीपेक्षा खाली जाऊ देत नाही. म्हणून २ + १ आणि वरचा १, असे ४ नोड झाले. चार पातळ्यांसाठी एक फांदी तीन पातळ्यांची, म्हणजे ४ नोड; दुसरी दोन पातळ्यांची, म्हणजे २; आणि वरचा १. एकूण ७. प्रत्येक उंचीला हाच हिशेब लागू पडतो:

```
N(h) = N(h-1) + N(h-2) + 1
```

पुढचे आकडे १२, २०, ३३, ५४, ८८, १४३ असे येतात.

सात नोडांचं झाड कागदावर काढून बघा. सगळ्यात वर ५. त्याखाली डावीकडे ३, उजवीकडे ७. तिसऱ्या पातळीवर ३च्या खाली २ आणि ४, तर ७च्या डावीकडे ६. चौथ्या पातळीवर २च्या डावीकडे एकटा १. सात नोंदी एरवी तीन पातळ्यांत चपखल बसल्या असत्या. इथे त्यांनी चार पातळ्या व्यापल्या आहेत आणि तरी नियम कुठेच मोडलेला नाही. यातला एक नोड काढला तरी चार पातळ्या टिकत नाहीत. १ काढला तर उंची सरळ घटते. ४ काढला तर ३च्या डावीकडे दोन पातळ्या आणि उजवीकडे काहीच नाही असं होतं; मग रोटेशन होऊन २ वर सरकतो, १ आणि ३ त्याच्या दोन बाजूंना बसतात, आणि झाड तीन पातळ्यांचं होतं.

तो जादाचा एक

१, २, ४, ७, १२, २०, ३३ या प्रत्येक आकड्यात एक मिळवा: २, ३, ५, ८, १३, २१, ३४. या सरळ फिबोनाची संख्या आहेत. १, १ पासून मोजायला सुरुवात केली तर N(h) म्हणजे h+2 व्या फिबोनाची संख्येतून एक वजा. पुस्तकांत हे सूत्र गणिती विगमनाने सिद्ध करून पुढे जातात, आणि एक मिळवणं ही नुसती हातचलाखी वाटत राहते. पण त्या एकाला अर्थ आहे.

नोड मोजायचे सोडून रिकाम्या जागा मोजा. ज्या नोडला डावीकडे किंवा उजवीकडे मूल नाही, तिथे एक जागा मोकळी आहे. झाडात काहीच नसतं तेव्हा अशी एकच जागा असते. नवा नोड एक जागा व्यापतो आणि स्वतःच्या खाली दोन मोकळ्या जागा उघडतो, म्हणजे दर नोडमागे जागा एकाने वाढते. म्हणून n नोडांच्या झाडात n+1 रिकाम्या जागा असतात. झाड कसंही वेडंवाकडं असो, यात बदल होत नाही.

आता कमीत कमी नोडांच्या या किडकिडीत झाडातल्या रिकाम्या जागा म्हणजे डाव्या फांदीतल्या अधिक उजव्या फांदीतल्या. वरच्या नोडची स्वतःची मोकळी जागा नसते, कारण त्याच्या दोन्ही बाजू भरलेल्या. त्यामुळे जादाचा एक हिशेबात येतच नाही, आणि शेवटच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या, हा फिबोनाचीचा नियम शुद्ध रूपात उरतो. फिबोनाची संख्या मोजतात त्या नोड बसू शकतील अशा जागा.

लघु, गुरू आणि रिकामी जागा

शाळेत वृत्तं शिकलेल्यांना ही बेरीज ओळखीची वाटायला हवी. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ठरावीक मात्रांचा चरण लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येतो? चरणाच्या शेवटी लघु असेल तर आधी एक मात्रा कमी, गुरू असेल तर दोन कमी. म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज. प्राकृत छंदांवर लिहिणाऱ्या विरहांकाने आणि पुढे ११५०च्या सुमारास हेमचंद्राने हा हिशेब मांडला होता. पिसाच्या लिओनार्दोचा, म्हणजे फिबोनाचीचा, ‘लिबेर अबाकी’ १२०२चा.

आकडे जुळतात, आणि झाडातल्या वाटाही एकेक करून जुळतात. आपल्या सात नोडांच्या झाडात डावीकडे उतरलं की उंची एकाने कमी होते. त्या पावलाला लघु म्हणू. उजवीकडे ती दोनने कमी होते. ते पाऊल गुरू. वरून प्रत्येक रिकाम्या जागेपर्यंत उतरत जा आणि पाच मात्रांना एक कमी पडली तर शेवटी एक लघु जोडा. १च्या डावीकडच्या जागेची वाट चार लघूंची, जोडून पाच लघु. १च्या उजवीकडची: ल ल ल गु. २च्या उजवीकडची: ल ल गु ल. ४च्या दोन जागा: ल गु ल ल आणि ल गु गु. ६च्या दोन: गु ल ल ल आणि गु ल गु. ७च्या उजवीकडची: गु गु ल. आठ रिकाम्या जागा आणि पाच मात्रांचे आठ प्रकार. एकही सुटला नाही, एकही दोनदा आला नाही. h पातळ्यांचं किडकिडीत झाड म्हणजे h+1 मात्रांच्या सगळ्या चरणांची मांडणी.

बत्तीस घरं पुरतील?

उलटा केलेला प्रश्न आता सरळ करू. २८ पातळ्यांना किमान ८,३२,०३९ नोड लागतात आणि २९ पातळ्यांना १३,४६,२६८. म्हणून दहा लाख नोंदींचा एव्हीएल ट्री कधीच २८ पातळ्यांच्या वर जात नाही. उत्तम मांडणीला २० लागल्या असत्या. उंची एकाने वाढवायची तर किमान नोड साधारण १.६१८ पट व्हावे लागतात, म्हणून मोठ्या झाडांत या कमाल आणि उत्तम उंचींचं गुणोत्तर १.४४च्या आसपास थांबतं. त्या सैल अटीची किंमत एवढीच.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला ही मर्यादा प्रत्यक्ष लागते. नोंद घालताना किंवा काढताना वरून खाली आलेली वाट लक्षात ठेवावी लागते, कारण तोल सावरत पुन्हा वर जायचं असतं. ही वाट बऱ्याचदा ठरावीक लांबीच्या अॅरेमध्ये ठेवतात. कुणी म्हणेल, ३२ घरं ठेवू. ३२ पातळ्यांत चारशे कोटींहून जास्त नोंदी मावतात. पण हा हिशेब गच्च भरलेल्या झाडाचा झाला. किडकिडीत झाड ९२,२७,४६४ नोडांतच तेहेतिसावी पातळी गाठतं आणि अॅरेच्या बाहेर लिहिलं जातं. किती घरं पुरतील हे n नोंदींसाठी असं काढता येतं:

```
a, b, h = 1, 2, 0
while b - 1 <= n:
    h += 1
    a, b = b, a + b
```

शेवटी h मध्ये जास्तीत जास्त पातळ्या मिळतात. नोंदींची संख्या ६४ बिटांत मावणारी असेल तर उत्तर ९१ येतं.

एक सावधगिरी मात्र हवी. काही पुस्तकं उंची पातळ्यांत मोजतात, काही नोडांमधल्या दुव्यांत. २००९च्या गेट परीक्षेत सात नोडांच्या एव्हीएल ट्रीची कमाल उंची विचारली होती आणि एकट्या नोडची उंची शून्य धरा असं सांगितलं होतं; उत्तर ३. आपल्या मोजणीने तेच झाड चार पातळ्यांचं. ही गफलत अॅरेची लांबी ठरवताना झाली तर एक घर कमी पडतं.

अशी चूक साध्या चाचणीत सापडत नाही. नोंदी यादृच्छिक क्रमाने घातल्या तर झाड उत्तम उंचीच्या जवळच राहतं. चढत्या क्रमाने घातल्या तरी एव्हीएलमध्ये बिघडत नाही. १ ते ७ ओळीने घाला, रोटेशन होत होत तीन पातळ्यांचं गच्च झाड तयार होतं. किडकिडीत झाड मुद्दाम उभं करावं लागतं: ते कागदावर आखायचं आणि नोंदी वरच्या पातळीपासून एकेक ओळ वाचत घालायच्या. ५, ३, ७, २, ४, ६, १ या क्रमात एकही रोटेशन होत नाही. तेहेतीस पातळ्यांचं झाड याच रीतीने भरलं की ३२ घरांचा प्रोग्राम नक्की अडखळतो.